चिमट्यावरच्या खुणा

कळसच्या वस्त्यांवर पहाटे कोंबडा आरवतो की नाही, याची कुणी फिकीर करत नाही. सारजाची मोटारसायकल वळणावर आली, रिकामे कॅन खणाणले, की बाया गोठ्यातून चरव्या घेऊन बाहेर येतात. बाई चाळिशीच्या आतली, अंगानं चिपाड, डोक्याला टॉवेल बांधलेला, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट. दोन्ही अंगांना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन लटकवून ती गाडी अशी काढते, की बघणाऱ्यानं आधी तोंडात बोट घालावं आणि मग बाजूला व्हावं. कारण बाजूला नाही झालात, तर सारजा तुमच्या सात पिढ्यांची चौकशी करून पुढे जाईल.

ही दुधाची लाइन, म्हणजे वस्त्यांवरचं दूध गोळा करून डेअरीत घालायचं काम, मूळ तिच्या नवऱ्याचं, रतनचं. त्याला वालचंदनगरला कंपनीत वॉचमनची नोकरी लागली, तेव्हा घरात बैठक बसली. धाकटा दीर सोपान म्हणाला, माझ्याकडं तीनचाकी टेम्पो हाय, लाइन मला द्या. वाईट माणूस नव्हे सोपान. पण त्याचा टेम्पो वावरांमधल्या चिंचोळ्या पाणंदीत शिरत नाही, आणि पाणंदीतल्या वस्त्यांचं दूध तो घेणार नाही हे सारजाला ठाऊक होतं. त्या वस्त्यांवर एक-दोन म्हशी राखून पोरं शिकवणाऱ्या बाया होत्या. "लाइन मी चालवीन," ती म्हणाली. सगळे हसले. ती गाडी शिकली, दोनदा शेणखतात पडली, एकदा निवडुंगात गेली, आणि महिन्याभरात कुणी हसेनासं झालं.

सासऱ्याचं नाव सोनबा. सोनबा म्हणजे जुना मेंढका. ऐन उमेदीत शंभराच्या वर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. आता मेंढरं गेली, वावर आलं, ऊस आला, पण म्हाताऱ्याचे हात मोकळे राहीनात. दिवाळीला मेंढरं रंगवायची सवय. मग काय करावं पठ्ठ्यानं? दर दसऱ्याला चंदेरी ऑइलपेंटचा डबा आणायचा आणि सुनेची दुधाची गाडी रंगवायची. त्यात शहाणपण होतंच. दूध सांडतं, आंबतं, आणि आंबलेलं दूध लोखंड खातं. दुधाच्या गाडीची कॅरियरं दोन वर्षांत गंजून गळून पडतात. सारजाच्या गाडीला गंजाचा ठिपका नव्हता. कॅरियर, फूटरेस्ट, मागचं चाक धरणारा तो दोन पायांचा लोखंडी चिमटा, नटबोल्ट, सगळं हातावर हात देऊन रंगवलेलं. गावात कौतुक व्हायचं आणि म्हातारा मिशीवरून हात फिरवायचा.

"मेंढरू असू दे न्हायतर गाडी असू दे," तो सांगायचा, "रंग कंजूषपणानं लावू नये. फकस्त मेंढराचा कान सोडायचा. कानाला खाप मारलेली असती, ती आपल्या कळपाची खूण. दोन कळप एकात घुसले तर त्या खुणेवर निवडायचं. कान रंगवणारा मेंढका म्हंजी येडा."

हे सगळं सुखात चाललं होतं, तोवर टायरचं दुखणं सुरू झालं.

मागचा नवा टायर उन्हाळा संपायच्या आत डाव्या कडेला गुळगुळीत झाला. उजव्या कडेला नक्षी शाबूत, आणि डावीकडं भाकरी थापायच्या परातीसारखा सपाट. सारजानं बारामतीहून दुसरा आणला. त्याचंही तेच. आणि त्या दुसऱ्या टायरवरच ती कालव्याच्या पुलाजवळ आडवी झाली. डावं वळण, वळणावर सांडलेली बारीक खडी, गाडी डावीकडं कलली आणि टायरच्या त्या सपाट कडेनं पकड सोडली. सारजाच्या कोपराचं सालटं निघालं. पण तिला त्याचं काही वाटलं नाही. दोन्ही कॅनची झाकणं उडाली होती आणि पाणंदीतल्या बायांचं सकाळचं सगळं दूध चारीत चाललं होतं. ती रस्त्यातच बसली आणि रडली. रागानं रडली, हेही सांगून टाकतो.

त्या संध्याकाळी पुन्हा बैठक. सोपाननं टेम्पोची चावी बोटावर फिरवत सुरुवात केली. "वयनी डाव्या कुशीवर कलून बसती. मी मागनं बघितलंय. एका अंगाला वजन पडलं की टायर एका अंगाला जाणारच."

"मी सरळ बसते!"

"मग टायर का वाकडा झिजतोय? नाचता येईना, अंगण वाकडं!"

सारजा काही बोलणार, तोच सोनबा खाकरला. म्हाताऱ्याचा शब्द घरात शेवटचा. "सारजे, तुझी हाडं मोडली तर ती दुधापेक्षा महाग हायत. आता तिसरा टायर घाल. दसऱ्यापर्यंत बघू. ह्यो बी एका अंगाला घासला, तर तुला बसाया येत न्हाय असं मी धरीन, अन् लाइन सोपानची. कबूल?"

सुनेवर एवढा अविश्वास! पण सारजानं मान वर केली. "कबूल. अन् न्हाय घासला, तर परत ह्यो इषय काढायचा न्हाय. कुणीच."

आता या बाईचा स्वभाव सांगायलाच पाहिजे. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती निघेपर्यंत तिला भाकर गोड लागत नाही. तिसरा टायर बसवला त्याच दिवशी तिनं काडेपेटीतली काडी घेतली, टायरच्या डाव्या कडेच्या खाचेत उभी खोचली, नखानं खूण केली. मग दुसरी काडी उजव्या कडेला. दोन्ही काड्या देवळीत ठेवल्या आणि घरातल्या सगळ्यांना ताकीद दिली की ह्या काड्यांनी चूल पेटवाल तर याद राखा.

पहिला संशय कॅनवर. डावा कॅन आधी भरतो, म्हणून डावीकडं वजन राहत असेल. तिनं अदलाबदल केली, उजवा आधी भरायला लागली. दुसरा संशय स्वतःवर. खोटं कशाला बोला, सोपानचं बोलणं तिला आतून लागलं होतं. ती सीटच्या मधोमध पाठीचा कणा ताठ करून बसायला लागली, इतकी ताठ, की वस्तीवरच्या म्हाळसाकाकूनं विचारलं, "का गं, उसण भरली का?"

आणि काड्या मोजल्या, तर डावी कड पुन्हा झिजायला लागलेली. उजवी होती तशीच.

मग ती गेली तात्याबाकडं. कळसच्या फाट्यावर लिंबाखाली तात्याबाचं गॅरेज. चांगला कारागीर, तोंडाचा फटकळ, पण हाताचा प्रामाणिक. रतनच्या काळापासून ही गाडी त्याच्याच हाताखालची.

"तात्याबा, चाक वाकडं बसलंय का बघ."

तात्याबानं उकिडवं बसून मागच्या चाकाजवळ बोट नेलं. चाक ज्या दांड्यावर फिरतं त्या एक्सलला दोन्ही अंगांना एकेक अ‍ॅडजस्टर असतो, म्हणजे एक्सल मागं ओढणारा आट्यांचा, पेचाच्या वेढ्यांचा, बोल्ट. चेन ढिली पडली की एक्सलचं मोठं नट सैल करायचं, दोन्ही अ‍ॅडजस्टरांची नटं पिळून चाक मागं घ्यायचं, आणि मोठं नट परत आवळायचं. दोन्हीकडं सारखं ओढलं तर चाक सरळ. एकीकडं कमी-जास्त झालं की चाक तिरपं.

"हे बघ. नटाच्या बाहेर आटे किती आलेत, मोज. हिकडं पाच, तिकडं पाच. देवाशपथ सरळ हाय. मी दर खेपेला आटे मोजूनच आवळतो, वयनी. उगं माझ्या कामाला नाव ठेवू नगं."

आटे खरोखरच सारखे होते. सारजानं स्वतः मोजले. तिला हरल्यासारखं वाटलं, पण ती हरली नाही.

"मग टायर उलटा करून बसव."

"उलटा? अगं बाणाची दिशा आसती टायरला!"

"बाण गेला खड्ड्यात. चार दिवस बसव. कोरडा रस्ता हाय, मी हळू चालवते. झिजलेली कड उजवीकडं आन, अन् कोरी कड डावीकडं. टायरच खराब असंल तर झिजलेलीच कड पुढं झिजंल. पर कोरी कड डावीकडं येऊन झिजाया लागली, तर दोष गाडीत हाय."

तात्याबानं कपाळावर हात मारला, पण टायर उलटा केला. एवढ्या फेऱ्यांत खड्डा कितीसा पडणार? पण त्या गाडीनं टायर खाल्लाच. डावीकडं आलेल्या कोऱ्या कडेवर बोट फिरवलं तर एका बाजूनं धारदार लागायला लागलं, आणि काडी जरा कमी आत जायला लागली. सारजानं काडी सोपानच्या नाकासमोर धरली.

"टायर चांगला हाय. कॅनचं बी न्हाय, मी बदलून बघितलं. आता राहिलं काय?"

"राहिली तू," सोपान म्हणाला आणि हसला.

हे मात्र सारजाच्या मनाला काट्यासारखं टोचलं, कारण त्याचं म्हणणं चूक म्हणायला तिच्याकडं काही नव्हतं. गाडीवर बसणारी तीच एकटी. "मग तू चालव," ती एकदम म्हणाली. "रिकामी गाडी. फाट्यापर्यंत जा अन् ये. तुला बसाया येतंय ना?"

सोपानच्या इभ्रतीचा प्रश्न झाला. त्यानं किक मारली. घरासमोरच्या सिमेंटच्या रस्त्यावर उसाच्या वावरातलं पाटाचं पाणी फुटून आलं होतं. सोपान त्या पाण्यातून गेला आणि पुढं कोरड्या रस्त्यावर सरळ निघाला. त्याच्या मागं ओल्या चाकांच्या रेघा उमटल्या.

सारजा बघत राहिली. सरळ रस्ता, सरळ बसलेला माणूस, आणि रेघा दोन! पुढच्या चाकाची एक, आणि तिच्या उजव्या अंगाला बोटभर सरकून मागच्या चाकाची दुसरी. सरळ गाडीची मागची रेघ पुढच्या रेघेवरच पडायला पाहिजे.

"आबा!" ती ओरडली. "आबा, भाईर या! वाळायच्या आत बघा!"

सोनबा काठी टेकत आला. त्यानं रस्त्याकडं पाहिलं. आयुष्यभर मातीतले माग वाचलेला माणूस. कुठलं मेंढरू कुठल्या पायानं लंगडतंय, हे तो कळप दिसायच्या आधी सांगायचा. तो वाकला, काठीच्या टोकानं दोन्ही रेघांमधली जागा चाचपली, आणि रेघांच्या कडेनं चार पावलं चालून आला.

"गाडी लंगडतीया," तो म्हणाला. "फुडं एकीकडं चाललीया, मागचं चाक दुसरीकडं ढकलतंया. ते फरफटत जातंय, म्हणून एका अंगाला घासतंय."

सोपान परत आला तेव्हा त्याचाही चेहरा उतरला होता. "हँडल जरा वाकडं धरावं लागतंय, आबा," तो हळूच म्हणाला. "सोडलं की गाडी वढती." भला माणूस म्हणायचा, लपवलं नाही त्यानं.

पण तात्याबाचे पाच आटे? ते खोटे कसे? ही गाठ सुटेना. सारजानं दुसऱ्या दिवशी डेअरीत दूध घातलं आणि बाहेर लावलेल्या गाड्यांपाशी गेली. एक नवीकोरी गाडी होती, तिच्या मागं जाऊन ती सरळ रस्त्यात मांडी घालून बसली. लोक बघत होते, बघू देत. त्या गाडीच्या चिमट्याच्या दोन्ही टोकांना, एक्सल जिथं पुढं-मागं सरकतो त्या फटीच्या कडेला, बारीक बारीक खाचा ओळीनं कोरलेल्या होत्या, आणि अ‍ॅडजस्टरवर एक खूण. डावीकडची खूण ज्या खाचेवर, उजवीकडची त्याच खाचेवर. सारजानं मान वळवून आपल्या गाडीकडं पाहिलं. तिच्या चिमट्यावर खाच नाही, रेघ नाही. नुसती चंदेरी, गुळगुळीत, जाड साय.

"अगं बया," ती म्हणाली, आणि कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून तिनं मागं वळून पाहिलं. कारण ही साय कुणी चढवली, ते तिला माहीत होतं.

तिला गप्प बसता आलं असतं. तात्याबाकडं जाऊन मुकाट्यानं खरवडून घेता आलं असतं. पण मग सोपान म्हणाला असता, वयनी नीट बसायला लागली म्हणून टायर वाचला. नाही. ज्यानं निकाल दिला त्याच्याच समोर व्हायला पाहिजे. तिनं घरी येऊन सोनबाला गाडीवर बसवलं, सोपानला मागून यायला सांगितलं, आणि तिघं तात्याबाच्या लिंबाखाली उतरली.

"तात्याबा, चिमट्यावर खुणा आसत्यात. त्या बघून का न्हाय आवळत?"

"दिसल्या तर बघीन ना! पाच वर्षांचा रंग बसलाय त्यावर. म्हणून तर आटे मोजतो."

सगळे सोनबाकडं बघायला लागले. म्हातारा पुढं झाला. त्यानं तात्याबाकडून रॉकेलचं फडकं आणि पातळ पत्ती मागून घेतली, खाली बसला, आणि स्वतःच्या हातानं लावलेला रंग स्वतः खरवडायला लागला. दसऱ्यामागून दसरा पापुद्र्यांनी निघत गेला. खाली एक खाच दिसली. मग दुसरी. मग ओळ. तो उठून पलीकडं गेला आणि तिकडचंही काढलं.

तात्याबा वाकून बघायला लागला आणि त्याचं तोंड उघडं राहिलं. उजवीकडं एक्सल चौथ्या खाचेवर होता. डावीकडं तिसऱ्याच्याही अलीकडं. दीड खाचेचा फरक!

"पर आटे तर सारखे हायत," सोपान म्हणाला.

तात्याबानं मोठं नट सोडलं, एक्सल काढला, दोन्ही अ‍ॅडजस्टर बाहेर घेऊन फरशीवर शेजारी-शेजारी ठेवले. डावा बोल्ट उजव्यापेक्षा लांब होता. "अरारा! गेल्या साली ह्यो तुटला व्हता. तवा दुकानात मिळाला त्यो दुसऱ्या गाडीचा घातला. बोल्ट लांब, म्हणून एक्सल मागं यायच्या आधीच पाच आटे भाईर दिसायचे. अन् मी मोजत बसलो!" त्यानं सारजाकडं पाहिलं. "चूक माझी, वयनी. आटे मोजायचं मला सोपं वाटलं."

दोन्ही सारखे अ‍ॅडजस्टर घातले. तात्याबानं चाक बसवलं, दोन्ही खुणा एकाच खाचेवर आणल्या. सारजा काही आता नुसत्या खुणेवर विश्वास ठेवणारी नव्हती. तिनं सुतळी घेतली, चिमटा पुढं ज्या बोल्टवर हलतो त्याच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत ताणली, गाठ मारली, आणि तीच सुतळी दुसऱ्या अंगाला लावली. गाठ जागेवर आली. खालच्या चेनला बोटानं दाबून दोन बोटांचा झोल पाहिला, चाक फिरवून परत पाहिला. मग तात्याबानं एक्सलचं नट जोर लावून आवळलं. आवळताना खूण हलली नाही ना, हे सोनबा डोळे बारीक करून बघत होता. चाक जरा पुढं आल्यानं ब्रेक ढिला झाला होता, तोही तात्याबानं ब्रेकच्या दांडीचं नट पिळून नीट केला. टायर बाणाप्रमाणं सरळ करून बसवला.

सगळं झाल्यावर सोनबा लिंबाच्या पारावर बसला. त्याचे हात चंदेरी भुकटीनं माखले होते.

"सारजे," तो म्हणाला, "मेंढराचा कान मी जन्मात कधी रंगवला न्हाय. अन् हिथं खुणा झाकल्या मी, अन् आळ घातला तुझ्यावर. तुला बसाया येत न्हाय म्हणालो. चारचौघांत म्हणालो."

सारजाच्या मनात बरंच काही साचलं होतं. बोलायचं ठरवूनच आली होती ती. पण म्हाताऱ्याचे ते हात बघितले आणि तिनं फडकं उचलून त्याच्यापुढं धरलं. "आबा, रंग होता म्हणून तर गाडी गंजली न्हाय," ती म्हणाली. "उठा. संध्याकाळचं दूध व्हायचंय."

घरापुढं पाटाचं पाणी अजून रस्त्यावर होतं. सारजानं गाडी मुद्दाम त्यातून काढली आणि मागं वळून न बघता सरळ वस्तीकडं गेली. सोनबा आणि सोपान तिथंच उभे राहिले. कोरड्या सिमेंटवर एकच ओली रेघ लांबपर्यंत गेली होती.

"काय सोपानराव," म्हातारा म्हणाला, "अंगणच वाकडं व्हतं की."

सोपान खाली मान घालून हसला. टेम्पो पाणंदीत जात नाही, असंही तो पुटपुटला. त्या दिवसापासून लाइनीचा विषय त्या घरात निघाला नाही.

दसऱ्याला टायर दोन्ही कडांनी जवळजवळ सारखा होता. आधी एक कड खाल्ली होती, उलटा केल्यावर दुसरी, आणि त्यानंतर दोन्ही काड्या बरोबरीनं चालल्या होत्या. सोनबानं गाडी धुतली, हळदीकुंकू लावलं, आपट्याची पानं वाहिली, आणि चंदेरी डबा उघडला. कॅरियर झालं, फूटरेस्ट झाले. चिमट्याच्या टोकाशी येऊन तो थांबला.

"सारजे, हिकडं ये. हिथं बोट ठेव."

"कुठं?"

"खुणांवर. घट्ट ठेव. मी म्हणंस्तवर काढू नगं."

सारजा खाली बसली. दोन्ही अंगांना हात पोचत नव्हते, म्हणून तिनं आधी डाव्या खुणा झाकल्या, मग उजव्या. सासरा तिच्या बोटाभोवती जीव लावून कुंचला फिरवत होता. नखावर रंग आला, पेरावर आला, पण तिनं बोट हलवलं नाही. उचललं तेव्हा खाली खाचा कोरड्या, काळ्या, स्वच्छ होत्या.

दुसऱ्या दिवशी डेअरीवर कॅन रिते करताना मापाड्यानं विचारलं, "काय वयनी, बोटाला काय झालं?"

"सासऱ्यानं रंगवलंय," सारजा म्हणाली, आणि रिकामा कॅन उचलून कॅरियरला अडकवला.